सही करण्याआधी दहा हजारावं बिल काढून पाहा

२२ सप्टेंबर २०२५ रोजी जीएसटीचे नवे दर लागू झाले आणि बहुतेक औषधांवरचा कर १२ टक्क्यांवरून ५ टक्क्यांवर आला. घाऊक औषध वितरकाच्या दृष्टीने बिलिंग सॉफ्टवेअरमध्ये नवा दर भरणं हे फार तर एका दुपारचं काम होतं. दर बदलला, नवी बिलं बरोबर निघाली. अडचण पुढे होती. ऑगस्टमध्ये १२ टक्के कर लावून विकलेला माल मुदत संपली म्हणून नोव्हेंबरमध्ये परत आला, तर क्रेडिट नोटवर दर कोणता धरायचा? मूळ बिलाचा, म्हणजे १२ टक्केच. सॉफ्टवेअर मात्र औषधाच्या यादीतला आजचा दर उचलत असेल, तर २,००० रुपयांच्या मालावर २४० रुपयांऐवजी १०० रुपयेच कर वजा होणार. उरलेल्या १४० रुपयांसाठी मेडिकलवाला वितरकाला फोन करणार, वितरक सॉफ्टवेअर करून देणाऱ्याला फोन करणार आणि तो म्हणणार, ‘साहेब, तुम्ही तपासून सही करून दिली होती.’

ही सही कशावर झाली, कोणी केली आणि त्याआधी नेमकं काय तपासलं, यावर या तिघांमधल्या भांडणाचा निकाल ठरतो. सॉफ्टवेअरच्या धंद्यात या तपासणीला ‘युझर ॲक्सेप्टन्स टेस्टिंग’ म्हणतात, बोलताना यूएटी. मराठीत स्वीकृती चाचणी म्हणू. तिच्या शेवटी ग्राहकाने लेखी मान्यता द्यायची, ते साइन-ऑफ. बहुतेक करारांत शेवटचा मोठा हप्ता या सहीवर अडकलेला असतो, त्यामुळे सॉफ्टवेअर कंपनीला सहीची घाई असते. ग्राहकाचा रोजचा धंदा चालू असतो, त्यामुळे त्याला तपासायला वेळ नसतो. या दोन अडचणी एकत्र आल्या की चाचणीच्या नावाखाली एक तासाचा डेमो होतो. कंपनीचा मुलगा लॅपटॉपवर ‘टेस्ट पार्टी १’ नावाने दोन बिलं काढून दाखवतो, सगळे माना डोलावतात आणि कागदावर सही होते.

डेमो आणि स्वीकृती चाचणी यांत मूलभूत फरक आहे. डेमोत सॉफ्टवेअर बनवणारा आपल्याला चालतं ते दाखवतो. चाचणीत वापरणारा आपल्याला लागतं ते चालवून पाहतो. प्रोग्रॅममधल्या चुका शोधणं हे मुळात कंपनीचं काम आहे आणि ते आधीच झालेलं असायला हवं. ग्राहकाने तपासायचं ते वेगळं: आपला व्यवहार जसा होतो, तसाच तो या पडद्यावर होतो का, आणि आकडा आपल्या वहीशी पैशापर्यंत जुळतो का.

हे समजायला एक नमुना घेऊ. वितरक कल्पित आहे, नियम आणि हिशेब खरे आहेत. कोल्हापुरातला एक औषध वितरक, पाचशेच्या आसपास मेडिकल दुकानं ग्राहक. बरीचशी जिल्ह्यातली, काही बेळगाव-निपाणीकडची, काही गोव्यातली. वार्षिक उलाढाल पाच कोटींच्या वर, म्हणजे १ ऑगस्ट २०२३ पासून दुकानदारांना दिलेलं प्रत्येक बिल ई-इन्व्हॉइस म्हणून सरकारी पोर्टलवर नोंदवावं लागतं. बाजारातलं तयार पॅकेज त्याच्या स्कीमच्या हिशेबाला पुरत नव्हतं, म्हणून त्याने पुण्याच्या एका छोट्या कंपनीकडून स्वतःपुरतं सॉफ्टवेअर बनवून घेतलं. कंपनीने ‘यूएटीसाठी तयार आहे’ असा मेल पाठवला आहे. आता पुढे काय करायचं?

सगळ्यात आधी माणसं ठरवायची. मालकाने किंवा मालकाच्या कॉम्प्युटर शिकलेल्या पुतण्याने ही चाचणी करून उपयोग नाही, कारण ते रोज बिलं काढत नाहीत. काउंटरवर बिल काढणारी ऑपरेटर, गोदामात बॅच आणि मुदत बघून माल काढणारा, परत आलेला माल उतरवून घेणारा आणि महिनाअखेरीला रिटर्नसाठी आकडे काढणारे हिशेबनीस, असे चार जण बसायला हवेत. एका पडद्यासमोर चौघांना एकदम बसवायचं नाही. प्रत्येकाने आपापलं काम आपापल्या वेळी करून पाहायचं.

मग डेटा. ‘टेस्ट पार्टी १’ला कधी उधारीची मर्यादा नसते, तिचा जुना चेक परत आलेला नसतो आणि ती गोव्यातही नसते. म्हणून चाचणीसाठी एखाद्या गजबजलेल्या आठवड्याची खरी बिलं काढायची. मार्चचा शेवटचा आठवडा उत्तम, कारण त्यात परतावे, स्कीम, उधारीचे तंटे सगळं एकत्र येतं. तीच बिलं नव्या सॉफ्टवेअरमध्ये पुन्हा काढायची आणि जुन्या बिलांशी ओळीओळीने ताडून पाहायची. हे सगळं चाचणीच्या वेगळ्या सर्व्हरवर, आणि ई-इन्व्हॉइस पोर्टलच्याही चाचणीसाठी ठेवलेल्या भागावर. चुकून खऱ्या पोर्टलवर बिल गेलं, तर त्याला नोंदणी क्रमांक मिळतो आणि पोर्टलवरून तो रद्द करायला फक्त २४ तास मिळतात. चाचणीचं बिल खऱ्या रिटर्नमध्ये जाऊन बसण्याचा धोका तिथे असतो.

तिसरी तयारी बहुतेक ठिकाणी राहून जाते, आणि तीच सर्वांत मोलाची आहे. प्रत्येक चाचणीचं अपेक्षित उत्तर आधी कागदावर लिहून ठेवायचं. सॉफ्टवेअरने दिलेला आकडा पडद्यावर दिसल्यानंतर ‘हो, बरोबर वाटतंय’ म्हणणं फार सोपं असतं. उत्तर आधी हाताने काढलेलं असेल, तरच फरक डोळ्यांत भरतो.

असाच एक फरक जवळून पाहण्यासारखा आहे. औषधांच्या बिलात प्रत्येक बॅचची ओळ वेगळी छापतात. समजा एका दुकानदाराने एकच औषध घेतलं, पण गोदामात ते पाच बॅचमध्ये होतं, म्हणून बिलात पाच ओळी आल्या. प्रत्येक ओळीची करपात्र किंमत १०७ रुपये. कर ५ टक्के, म्हणजे केंद्राचा अडीच आणि राज्याचा अडीच. १०७ रुपयांवर अडीच टक्के म्हणजे २ रुपये साडेसदुसष्ट पैसे. अर्धा पैसा बिलावर येत नाही. तो कुठे आणि कसा पूर्ण करायचा, इथे वाटा फुटतात.

हिशेबनीस प्रत्येक ओळीवर अर्धा पैसा वर घेत असतील, तर दर ओळीला २.६८, पाच ओळींचे १३.४०, आणि दोन्ही कर मिळून २६.८०. प्रोग्रॅमरने आधी पाचही ओळींची बेरीज ५३५ रुपये करून त्यावर अडीच टक्के काढले, तर १३.३७५ म्हणजे १३.३८, आणि दोन्ही मिळून २६.७६. तिसऱ्याने ओळीवर पूर्ण ५ टक्के काढून शेवटी निम्मे केले, तर एकूण २६.७५ येतात आणि त्याचे दोन सारखे भाग पडतच नाहीत. मग एका कराला १३.३८ आणि दुसऱ्याला १३.३७ असं काहीतरी छापलं जातं. राज्यांतर्गत विक्रीत दोन्ही कर सारखेच असले पाहिजेत, त्यामुळे ही तिसरी रीत सरळ चूक आहे.

चौथं उत्तर संगणकाच्या स्वभावातून येतं. साधी दशांश संख्या संगणक दोनच्या पायावर साठवतो आणि २.६७५ ही संख्या त्या पद्धतीने तंतोतंत साठवता येत नाही. साठवलेली संख्या किंचित कमी भरते, म्हणून पूर्ण करताना ती वर जाण्याऐवजी खाली येते. पायथन भाषेत हे एका ओळीत दिसतं:

```python
>>> round(107 * 2.5 / 100, 2)
2.67
```

कागदावर २.६८, संगणकावर २.६७. पाच ओळींचे १३.३५, दोन्ही कर मिळून २६.७०. जाणते प्रोग्रॅमर यासाठी पैशांचा हिशेब पूर्णांकात किंवा त्यासाठी असलेल्या वेगळ्या दशांश प्रकारात ठेवतात. पण ते तसं केलंय की नाही, हे ग्राहकाला पडद्यावरून कळणार कसं?

नेमकी इथेच गोम आहे. चारही रीतींनी निघालेल्या बिलाची बेरीज ५६१.८०, ५६१.७६, ५६१.७५ आणि ५६१.७० येते. बिलाच्या तळाशी ‘राउंड ऑफ’ची ओळ असते, ती चारही बिलं ५६२ रुपयांवर आणून ठेवते. दुकानदार ५६२ देतो, ऑपरेटर ५६२ घेते, कोणाला काही खुपत नाही. फरक दिसतो तो महिनाअखेरीला, हजारो ओळींची बेरीज झाल्यावर. कराच्या खात्यातली रक्कम रिटर्नच्या आकड्याशी जुळत नाही आणि कोणत्या बिलात किती पैसे गेले, ते शोधायला माणूस बसवावा लागतो. म्हणून बिलिंगच्या चाचणीत तळाची रक्कम कधीच पुरेशी मानू नये. कराची प्रत्येक ओळ आणि राउंड ऑफची रक्कम वेगवेगळी जुळवावी. कोणती रीत धरायची, ते हिशेबनीस आणि सीए यांनी ठरवून काम सुरू होण्याआधी लिहून द्यायचं असतं. ते लिहिलेलं नसेल, तर प्रोग्रॅमर स्वतःच्या समजुतीने ठरवतो आणि त्याला दोष देता येत नाही.

दुसरी चाचणी सोपी आहे, पण तिची आठवण फार थोड्यांना येते. कायद्याने बिलाचा क्रमांक सलग हवा, एका आर्थिक वर्षात पुन्हा येता कामा नये आणि जास्तीत जास्त १६ अक्षरांचा हवा. अक्षरं, अंक, तिरकी रेघ आणि आडवी रेघ चालते. आपल्या वितरकाला `KOP/2025-26/1` अशी मांडणी आवडली. दिसायला नेटकी आहे. पहिलं बिल निघतं, शंभरावं निघतं, `KOP/2025-26/9999` हेही निघतं, कारण ते बरोबर १६ अक्षरांचं आहे. दहा हजारावं बिल १७ अक्षरांचं होतं आणि ई-इन्व्हॉइस पोर्टल ते परत पाठवतं. तोवर सही होऊन बरेच महिने उलटलेले असतात. चाचणीत हे शोधायला दहा हजार बिलं काढावी लागत नाहीत. कंपनीला सांगून क्रमांक ९९९८ वर न्यायचा आणि पुढची तीन बिलं काढायची. त्याच बैठकीत दोन ऑपरेटरनी एकाच क्षणी बिल सेव्ह करून दोघींना एकच क्रमांक मिळत नाही ना, तेही पाहायचं. आणि चाचणीच्या सर्व्हरची तारीख ३१ मार्चवरून १ एप्रिलवर ढकलून नवीन वर्षाची मालिका सुरू होते का, हे बघायचं.

क्रेडिट नोटेची चाचणी याच प्रकारातली. सर्व्हरवर ऑगस्ट २०२५ चं जुनं बिल घ्यायचं, त्यातला माल आजच्या तारखेला परत आणायचा आणि १२ टक्के येतात का ते पाहायचं. मग एकाच औषधाच्या दोन बॅच, एक जुन्या दराने विकलेली आणि एक नव्या, एकाच परताव्यात घालून पाहायच्या. सॉफ्टवेअरने मूळ बिलाचा क्रमांक विचारलाच नाही, तर त्याला जुना दर कळण्याची सोय नाही, हे तिथल्या तिथे समजतं.

या सगळ्या चाचण्यांत उत्तर काय यायला हवं, यावर वाद नाही. खरा वाद होतो तो स्कीमवर.

औषधांच्या व्यापारात ‘दहावर एक’ ही नेहमीची स्कीम. दहा पट्ट्यांचे पैसे द्यायचे, अकरा न्यायच्या. कंपनीने ते बरोबर केलं आहे. स्टॉकमधून अकरा वजा होतात, पैसे दहाचे लागतात. चाचणीच्या तिसऱ्या दिवशी ऑपरेटर हिशेबनीसांना विचारते, ‘काका, पाचच पट्ट्या घेतल्या की आपण नेट रेट लावतो ना? इथे ते येतच नाही.’ अर्धी पट्टी फुकट देता येत नाही, म्हणून दहापेक्षा कमी घेणाऱ्याला स्कीमचा फायदा भाव कमी करून द्यायचा, ही या काउंटरची जुनी रीत. ती सगळ्यांच्या हाताखालची आहे, त्यामुळे गरजांच्या कागदात ती लिहायचं कोणाला सुचलंच नाही.

कंपनीने दोन दिवसांत दुरुस्ती पाठवली. दहावर एक म्हणजे १० टक्के सूट, असं धरून. पट्टीचा भाव ८८ रुपये, १० टक्के वजा करून ७९.२०. हिशेबनीसांच्या वहीत मात्र ८० रुपये आहे, कारण दहा पट्ट्यांचे ८८० रुपये अकरा पट्ट्यांवर विभागायचे असतात. सूट १० टक्क्यांची नसून ९.०९ टक्क्यांची आहे. पाच पट्ट्यांवर ४ रुपयांचा फरक. वर्षभरात अशी बिलं किती निघतात, हे वितरकाला विचारावं लागत नाही, त्याच्या चेहऱ्यावर दिसतं.

आता ही कोणाची चूक? ९.०९ ऐवजी १० टक्के घेणं ही कंपनीची चूक धरता येईल. पण नेट रेटची सोय मुळात नसणं ही चूक नाही, ती नवी मागणी आहे. कंपनीच्या भाषेत ‘चेंज रिक्वेस्ट’. तिचे वेगळे पैसे लागतील आणि वेळही. ग्राहक म्हणतो, ‘औषधाच्या धंद्यात हे सगळ्यांना माहीत असतं.’ कंपनी म्हणते, ‘कागदावर दाखवा.’ दोघांचंही म्हणणं आपापल्या जागी खरं आहे. म्हणून करारातच हे ठरलेलं बरं, की चाचणीत निघालेल्या प्रत्येक गोष्टीची एकच यादी राहील, प्रत्येक नोंदीपुढे चूक की नवी मागणी ते दोघांच्या संमतीने लिहिलं जाईल आणि मतभेद झाला तर गरजांचा कागद प्रमाण मानला जाईल. त्या कागदावर ऑपरेटरला आणि गोदामातल्या माणसाला सुरुवातीलाच बोलावून विचारलं असतं, तर नेट रेट पहिल्याच पानावर आला असता.

त्याच यादीत प्रत्येक चुकीची गंभीरता लिहायची असते. सहसा तीन-चार पायऱ्या ठेवतात. ज्याने बिल निघतच नाही किंवा कर चुकतो, ती पहिली पायरी. ज्याने काम अडतं, पण तात्पुरता उपाय आहे, ती दुसरी. छपाईत नाव दोन मिलिमीटर सरकलं, ती शेवटची. आणि सही कधी होईल, तेही चाचणी सुरू होण्याआधी ठरवायचं. उदाहरणार्थ, पहिल्या दोन पायऱ्यांवरची एकही चूक उघडी नसेल, तेव्हाच. ही अट आधी ठरवण्याला कारण आहे. तारीख जवळ आली की चुका कमी होत नाहीत, त्यांची पायरी खाली सरकवली जाते.

हे ऑस्ट्रेलियात मोठ्या प्रमाणावर घडलं आणि त्याची सरकारी चौकशी झाली, म्हणून सगळं नोंदलेलं आहे. क्वीन्सलँड राज्याच्या आरोग्य विभागासाठी आयबीएमच्या नेतृत्वाखाली नवी प्रणाली बनत होती. बिलाची नव्हे, पगाराची. पण दर, भत्ते, पाळ्या आणि अपवादांचं गणित बिलाइतकंच किचकट. स्वीकृती चाचणीत गंभीर चुका सापडत राहिल्या. तेव्हा चाचणीतून बाहेर पडण्याच्या अटीच सैल करण्यात आल्या. काही चुका उघड्या असूनही त्यांच्यासाठी ‘व्यवस्थापन योजना’ आहे, एवढ्यावर पुढे जायची मुभा घेतली गेली. मार्च २०१० मध्ये प्रणाली सुरू झाली. परिचारिका, डॉक्टर, सफाई कर्मचारी अशा सुमारे ७८ हजार जणांच्या पगाराचा प्रश्न होता. हजारोंना कमी पगार आला, काहींना जास्त, काहींना काहीच नाही. २०१३ मध्ये रिचर्ड चेस्टरमन यांच्या चौकशी आयोगाने अहवाल दिला. तोवर प्रणाली सांभाळण्याच्या आणि दुरुस्तीच्या एकूण खर्चाचा अंदाज १२० कोटी ऑस्ट्रेलियन डॉलरवर गेला होता.

त्यानंतर राज्य सरकार नुकसानभरपाईसाठी आयबीएमविरुद्ध कोर्टात गेलं. २०१५ मध्ये सरकार हरलं. कारण २०१० मध्येच दोघांत झालेल्या एका तडजोडीच्या करारात सरकारने कंपनीला दाव्यांतून मोकळं केलं होतं. प्रणाली कशी चालली, यापेक्षा कोणत्या कागदावर काय लिहून सही झाली, हे कोर्टात भारी ठरलं.

कोल्हापूरच्या वितरकाचा व्यवहार त्या मानाने चिमुकला आहे, पण सहीचा नियम तोच. आपल्याकडे १९३० च्या माल विक्री कायद्यात खरेदीदाराला माल तपासायची वाजवी संधी दिलेली आहे. आणि वाजवी मुदतीत नकार न कळवता माल ठेवून घेतला, तर तो स्वीकारला असं मानलं जातं, हेही त्याच कायद्यात आहे. २००४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने टाटा कन्सल्टन्सी सर्व्हिसेस विरुद्ध आंध्र प्रदेश या खटल्यात बाजारात तयार मिळणारं सॉफ्टवेअर ‘माल’ आहे असं ठरवलं. ग्राहकासाठी खास बनवलेल्या सॉफ्टवेअरचा प्रश्न तिथे निकाली काढला नाही. त्यामुळे अशा कामात करारातले शब्दच सगळ्यात आधी पाहिले जातात.

त्या शब्दांत एक कलम हमखास असतं: यूएटीसाठी दिल्यापासून दहा किंवा पंधरा दिवसांत लेखी हरकत आली नाही, किंवा ग्राहकाने सॉफ्टवेअर प्रत्यक्ष व्यवहारासाठी वापरायला सुरुवात केली, तर ते स्वीकारलं असं मानलं जाईल. कंपनीच्या बाजूने हे कलम अन्यायाचं नाही. नाहीतर ग्राहक वर्षभर तपासतच बसेल आणि कंपनीचा हप्ता अडकेल. पण ग्राहकाने दोन गोष्टी सांभाळायला हव्यात. पंधरा दिवस दिवाळीच्या गर्दीत किंवा मार्चअखेरीत येऊ नयेत. आणि ‘जुनं मशीन बंद पडलंय, आजची बिलं नव्यावर काढू’ असा मोह टाळावा, कारण त्या एका दिवसाने चाचणी संपली असा अर्थ निघू शकतो. फोनवर सांगितलेली हरकतही पुरत नाही, ती मेलवर गेली पाहिजे. उलट, वैतागून व्हॉट्सॲपवर पाठवलेलं ‘ठीक आहे, चालू करा’ हे उद्या वादात पुरावा म्हणून पुढे येऊ शकतं. इलेक्ट्रॉनिक माध्यमातून झालेला करार केवळ त्या कारणाने बाद होत नाही, असं माहिती तंत्रज्ञान कायद्यात स्पष्ट आहे.

मग सहीच्या कागदावर काय असावं? ‘सॉफ्टवेअर समाधानकारक आहे’ हे एक वाक्य दोघांनाही धोक्याचं. दोन पानांचा कागद पुरतो, पण त्यात नेमकेपणा हवा. कोणती आवृत्ती तपासली, तिचा क्रमांक. सॉफ्टवेअरच्या ‘अबाउट’ पडद्यावर `v1.4.2` असं दिसत असेल, तर तेच लिहायचं. कारण सहीच्या आदल्या रात्री कंपनीने छपाईची किरकोळ दुरुस्ती म्हणून नवी आवृत्ती चढवली, तर तपासलेली आवृत्ती आणि मान्य केलेली आवृत्ती वेगळ्या होतात. छपाई सुधारताना कर बिघडल्याची उदाहरणं या क्षेत्रातल्या कोणालाही विचारली तर सापडतात. म्हणून शेवटच्या दुरुस्तीनंतर निदान कराच्या, परताव्याच्या आणि क्रमांकाच्या चाचण्या पुन्हा चालवायच्या आणि मगच सही करायची.

त्याखाली चाचण्यांची यादी आणि निकाल, उघड्या राहिलेल्या चुका, त्यांची पायरी, दुरुस्तीची तारीख आणि तोवरचा उपाय. आणि एक रकाना जो कंपन्या सहसा ठेवत नाहीत, पण ग्राहकाने आग्रहाने मागावा: काय तपासलं नाही. वर्षअखेरीचा हिशेब बंद करणं चाचणीच्या काळात आलंच नाही, तर तसं लिहायचं. त्या भागाची जबाबदारी ते काम पहिल्यांदा पार पडेपर्यंत कंपनीकडे राहील, असंही लिहायचं. जुन्या सॉफ्टवेअरमधून आणलेल्या प्रत्येक दुकानदाराच्या बाकीची बेरीज आणि स्टॉकची बेरीज कोणत्या तारखेला किती होती आणि ती जुळली का, हेही या कागदावर हवं. नाहीतर सहा महिन्यांनी एखाद्या दुकानदाराच्या उधारीत फरक निघाला, तर तो डेटा आणताना आला की नंतर, हे सांगता येत नाही.

शेवटी सही कोणाची, हेही करारात नावानिशी हवं. ऑपरेटरने चाचणीच्या शीटवर रोज सही करणं वेगळं आणि मालकाने स्वीकृतीच्या कागदावर सही करणं वेगळं. कंपनीचा माणूस घाईत काउंटरवरच्या कोणाची तरी सही घेऊन गेला, तर ती कोणत्या अधिकारात होती, यावर वाद होतो.

काही वितरक सहीनंतरही एक महिना दोन्ही सॉफ्टवेअर शेजारी शेजारी चालवतात. रोज संध्याकाळी दोन्हींतली दिवसाची विक्री, कर, परतावे आणि राउंड ऑफ यांच्या बेरजा ताडून पाहतात. हे दुप्पट काम आहे आणि ऑपरेटरना ते नकोसं होतं. पूर्ण महिना झेपत नसेल, तर निदान एक महिनाअखेर आणि एक रिटर्न तरी दोन्हींवर निघू द्यावा. शक्य असेल तर शेवटच्या हप्त्याचा काही भाग त्या रिटर्नपर्यंत राखून ठेवावा. छोट्या कंपन्याही याला सहसा नाही म्हणत नाहीत, फक्त ते करार करतानाच बोलून घ्यावं लागतं.

ज्यांच्या टेबलावर आत्ता असा स्वीकृतीचा कागद येऊन पडला असेल, त्यांनी सही करण्याआधी निदान एवढं करावं: पाच ओळींचं १०७ रुपयांचं बिल, २२ सप्टेंबर २०२५ पूर्वीच्या मालाची क्रेडिट नोट आणि दहा हजारावं बिल, ही तीन कामं आपल्याच माणसाकडून, आपल्याच दुकानात बसून करून घ्यावीत. अर्धा दिवस लागेल.